पोथीतले ४६ आणि स्वच्छ प्रतीतले ४७ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "पोथी उतरवून काढायची म्हणजे आहे तसे लिहायचे. तुम्ही 'अ०उ०' चे 'अर्जुन उवाच' केले, दंड मर्जीप्रमाणे काढले-घातले, आणि पोथीत गीतेचा पहिला अध्याय ४६ श्लोकांचा असताना तो ४७ चा करून टाकला. लेखनिकाला चूक ठरवणारे तुम्ही कोण? ही सरळसरळ ढवळाढवळ आहे."

नमस्कार. तुमचा आक्षेप माझ्या लेखातल्या स्वच्छ प्रतीवर आहे. त्याच लेखाच्या तळाशी कच्ची प्रत दिली आहे, ती बहुधा तुमच्या नजरेतून सुटली. तिच्यात शब्द तोडलेले नाहीत, अवग्रह घातलेले नाहीत, पोथीतली ओळ जिथे संपते तिथेच ओळ संपते आणि लेखनिकाचा प्रत्येक दंड व अंक जागच्या जागी आहे. स्वच्छ प्रत या कच्च्या प्रतीवरूनच केली आहे, थेट फोटोवरून नाही. तुम्ही विचारलेल्या श्लोकसंख्येचाच भाग घेऊ. कच्ची प्रत, पत्र ३ ची पहिली बाजू :

हृषीकेशंतदावाक्यमिदमाहमहीपते॥२०॥अ॰उ॰॥सेनयोरुभयोर्म।
ध्येरथंस्थापयमेच्युत॥यावदेतान्निरीक्षेहंयोद्धुकामानवस्थि
तान्॥कैर्मयासहयोद्धव्यमस्मिन्रणसमुद्यमे॥२१॥

आणि स्वच्छ प्रत :

हृषीकेशं तदा वाक्यमिदमाह महीपते । [पोथी २०]
अर्जुन उवाच ।
सेनयोरुभयोर्मध्ये रथं स्थापय मेऽच्युत ॥ २१ ॥
यावदेतान्निरीक्षेऽहं योद्धुकामानवस्थितान् ।
कैर्मया सह योद्धव्यमस्मिन्रणसमुद्यमे ॥ २२ ॥ [पोथी २१]

श्लोकांत मी एक अक्षरही वाढवलेले नाही. हा सगळा अध्याय अनुष्टुभात आहे, म्हणून अंक बाजूला ठेवून अर्ध्या मोजल्या. प्रचलित छापील गीतेत ४७ श्लोक, प्रत्येकी दोन अर्ध्या, म्हणजे ९४. या पोथीतही ९४ च भरतात. फरक पडतो तो इथे. छापील प्रतीत 'हृषीकेशं' ही अर्धी आणि 'सेनयोः' ही अर्धी मिळून २१ वा श्लोक होतो, आणि 'अर्जुन उवाच' त्याच्या पोटात येते. आपल्या लेखनिकाला बोलणारा मधेच बदललेला रुचला नसावा. त्याने 'महीपते' पर्यंतचे संजयाचे बोलणे २० मध्येच संपवले, त्यामुळे २० तीन अर्ध्यांचा झाला. मग अर्जुनाच्या पहिल्या तीन अर्ध्यांचा २१ केला आणि उरलेल्या दोन अर्ध्यांचा, 'योत्स्यमानान्' पासूनचा, २२. छापील २० ते २३ या चार श्लोकांच्या आठ अर्ध्या त्याच्याकडे तीन श्लोकांत बसल्या. तिथून शेवटपर्यंत त्याचा अंक एकाने मागे आहे.

गंमत म्हणजे थोडे पुढे, 'विषीदन्निदमब्रवीत्' नंतर, हाच प्रसंग पुन्हा येतो. तिथे मात्र त्याने 'अर्जुन उवाच' श्लोकाच्या पोटातच राहू दिले आहे. म्हणजे त्याचा असा काही पक्का नियम नव्हता. पण म्हणून तो चूक ठरत नाही, आणि मी त्याला चूक म्हटलेलेही नाही. अनुष्टुभाचे तीन अर्ध्यांचे श्लोक महाभारतात जागोजागी आहेत. स्वच्छ प्रतीत छापील क्रमांक दिला तो एवढ्यासाठी, की वाचकाला '१.२४' शोधल्यावर 'एवमुक्तो हृषीकेशो' सापडावे. पोथीचा अंक जिथे वेगळा आहे तिथे चौकोनी कंसात शेजारीच आहे. फक्त पोथीचा अंक ठेवला असता तर या पोथीची छापील प्रतीशी तुलना करताना पंचवीस श्लोक एक घर सरकलेले दिसले असते. फक्त छापील ठेवला असता तर लेखनिकाने काय केले हे कायमचे पुसले गेले असते.

दंडांचे म्हणाल तर मर्जीचा प्रश्नच नाही. हा लेखनिक अर्धीलाही दोन दंड देतो आणि श्लोकालाही दोनच. स्वच्छ प्रतीत अर्धीला एक आणि श्लोकाला दोन हा आजचा रिवाज पाळला, तसे प्रस्तावनेत लिहिले आहे. वरच्या उताऱ्यात मी खरोखर काढून टाकलेला दंड एकच : पहिल्या ओळीच्या शेवटी 'र्म' नंतरचा. तो विरामाचा नव्हे. उजव्या समासाच्या तांबड्या रेघेपर्यंत एका अक्षरापेक्षा कमी जागा उरली, ती रिकामी दिसू नये म्हणून मारलेली ती उभी रेघ आहे. अशा रेघा पोथीभर आहेत, नेहमी ओळीच्या टोकाला आणि बऱ्याचदा शब्दाच्या मधोमध.

तिथे खरी भीती वेगळीच असते. ती रेघ काना म्हणून वाचली गेली तर 'मध्ये' चे 'माध्ये' होते, आणि छंद ही चूक पकडत नाही. अक्षरे आठच राहतात. शिवाय पुढे 'ध्ये' हे जोडाक्षर असल्यामुळे 'म' आधीच गुरू आहे, म्हणून लघु-गुरूही बदलत नाहीत. अर्थ सांगतोच, पण डोळ्यांना दिसणारी खूण अशी, की याच्या हातचा काना शिरोरेषेला चिकटलेला असतो आणि ही भरतीची रेघ शिरोरेषेपासून सुटी, किंचित खाली असते. फोटो मोठा करून पाहा.

आता संक्षेप. 'अ॰उ॰' बद्दल कोणाचेच दुमत होणार नाही, ते सोडून देऊ. मला खरा घाम फोडला तो 'सं॰' ने. अध्यायाच्या पोटात 'सं॰उ॰' म्हणजे संजय उवाच. अध्यायाच्या समाप्तीत 'श्रीकृ॰सं॰' आहे, तिथे ते 'श्रीकृष्णार्जुनसंवादे' मधले संवादे. आणि पोथीच्या अगदी शेवटी 'शके १७४५ सुभानुनाम सं॰' आहे. तिथे घाईत 'संवत्' लिहिले असते तर शकाच्या मागे विक्रम संवत लागून सगळा घोळ झाला असता. ते 'संवत्सरे' आहे, आणि आपल्याकडच्या गणनेत शके १७४५ चे नाव सुभानुच येते, म्हणून अंकही बरोबर वाचला गेला याची खात्री पटते. म्हणजे संक्षेप सोडवायचा तो जागा पाहून. यादी करून 'सं॰' च्या जागी सरसकट एकच शब्द घालणे हा अनर्थ.

आणि जिथे सोडवायला काही नाही तिथे सोडवलेले नाही. समाप्ती अशी आहे : 'इतिश्रीभग॰गी॰ब्र॰यो॰श्रीकृ॰सं॰प्रथमोध्यायः'. यात अध्यायाचे नाव नाही. 'अर्जुनविषादयोगो नाम' आपल्या तोंडात बसलेले आहे, पण लेखनिकाने ते लिहिले नाही आणि त्या जागी संक्षेपाची खूण म्हणून येणारे लाघवचिन्हही नाही. अध्यायांची नावे प्रतीप्रतीला बदलतात, म्हणून स्वच्छ प्रतीतही ते नाव घातलेले नाही. ढवळाढवळ करायची असती तर सगळ्यात सोपी जागा हीच होती.

तुमच्या प्रतिक्रियेत 'अ०उ०' मध्ये शून्य टंकित झाले आहे, त्यावरून एक सांगतो, कारण पुढे तुम्हीही पोथी उतरवाल तर उपयोगी पडेल. शून्य (U+0966) आणि लाघवचिन्ह (U+0970) पडद्यावर जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे आहेत. दोन सुटे दंड आणि एक जोडदंड (U+0965) यांचेही तसेच. कच्च्या प्रतीतले श्लोकांक मी असे शोधतो :

```
॥\s*([०-९]+)\s*॥
```

जोडदंडाऐवजी दोन सुटे दंड पडले असतील तर तो श्लोकांक यात सापडतच नाही, आणि १९ नंतर एकदम २१ दिसतो. असे कुठे झाले की आधी आपले टंकलेखन तपासायचे आणि मगच लेखनिकाकडे बोट दाखवायचे.

'र्म' नंतरच्या त्या रेघेबद्दल फोटो पाहून तुम्हाला काना वाटला, तर पत्र आणि ओळीच्या क्रमांकासह जरूर लिहा. तशीच शंका मला पत्र ५ च्या मागच्या बाजूला, तिसऱ्या ओळीच्या टोकाशी आहे, आणि स्वच्छ प्रतीत तिथे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.