‘गाडी हवाबंद नसते’ एवढ्यानं भागत नाही

फिरत असलेला मेसेज: “लांबच्या प्रवासात एसी कायम रिसर्क्युलेशनवरच ठेवा. बाहेरची हवा घेतली की धूळ येते आणि एसीवर ताण पडतो. गाडी काही हवाबंद नसते, त्यामुळे ऑक्सिजन कधीच कमी पडत नाही. झोप येते ती फक्त थकव्यामुळे, एसी अजून थंड करा, झोप उडते.”

बायकामुलांसह रात्रभराच्या प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावानं हे घरच्या ग्रुपवर टाकलं, वर “उपयुक्त माहिती” असं लिहून. म्हणून हे लिहायला बसलो. रिसर्क्युलेशन म्हणजे गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणं, आणि फ्रेश एअर म्हणजे बाहेरची हवा आत घेणं.

आधी ऑक्सिजन, कारण सगळी दिशाभूल तिथूनच सुरू होते. ऑक्सिजन खरंच कमी पडत नाही. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, आणि चार माणसांनी भरलेल्या बंद गाडीतही तो फार तर अर्ध्या-पाऊण टक्क्यानं उतरतो. दोन-तीनशे मीटर उंचीची टेकडी चढल्यावर जेवढा फरक पडेल, साधारण तेवढाच. पण इथे प्रश्न ऑक्सिजनचा नव्हताच. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम. आपल्या उच्छ्वासात तो असतो ४०,००० पीपीएमच्या आसपास. म्हणून ज्या हवेत ऑक्सिजनचा आकडा जेमतेम हलतो, त्याच हवेत कार्बन डायऑक्साइड दहा-बारापट होऊ शकतो. ‘ऑक्सिजन भरपूर आहे’ म्हणून निश्चिंत राहणारा माणूस चुकीचा काटा बघतोय.

आता हवाबंद नसण्याचा मुद्दा. हा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. दारांच्या रबरातून, खालच्या फटींमधून हवा येत-जात असते, आणि वेग वाढला की जास्त येते. म्हणूनच रिसर्क्युलेशनवर कुणी गुदमरून मरत नाही. पण किती येते? एक हिशोब करून बघू. मध्यम गाडीच्या आतली जागा धरा ३ घनमीटर. निवांत बसलेला मोठा माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघांचे झाले ७२ लिटर. दारं-काचा घट्ट बसणारी नवी गाडी रस्त्यावर धावताना फटींमधून तासाला पाच वेळा हवा बदलते असं धरलं, तर १५ घनमीटर ताजी हवा मिळाली. ७२ लिटर त्या १५ घनमीटरमध्ये मिसळले की वाढ होते ४,८०० पीपीएमची. म्हणजे आकडा ५,२०० च्या आसपास जाऊन स्थिरावतो. तिथे पोचायला फार वेळही लागत नाही: दहा मिनिटांत ३,०००, अर्ध्या तासात ४,८०० च्या पुढे. गाडी जुनी, खिळखिळी असेल आणि दुप्पट हवा गळत असेल, तरी आकडा २,८०० वर थांबतो. एकटा चालक असेल तर घट्ट गाडीतही १,६०० च्या आसपास. मागच्या सीटवर माणसं वाढली की गोष्ट बदलते, आणि लांबच्या प्रवासाला माणूस सहसा एकटा निघत नाही.

हेच फ्रेश एअरवर काय होतं? ब्लोअर तासाला १५० घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतोय असं धरलं, तर चौघं असूनही आकडा ९०० च्या जवळ राहतो. फरक एका बटणाचा.

“असेना का, त्यानं होतंय काय?” असं भाऊ म्हणालाच. २०१२ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जणांना खोलीत बसवलं आणि हवा खेळती ठेवून फक्त कार्बन डायऑक्साइड वाढवला: एकदा ६००, एकदा १,०००, एकदा २,५००. प्रत्येक वेळी अडीच तास. निर्णयक्षमतेच्या नऊ मापांपैकी सहा १,००० वर घसरली, आणि २,५०० वर सात मापं चांगलीच कोसळली. सगळ्यांना असाच निकाल मिळाला नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात निव्वळ कार्बन डायऑक्साइड ३,००० पर्यंत नेऊन काही बिघडलं नाही. पण तोच आकडा माणसांच्या श्वासानं आणि अंगाच्या वायूंनी गाठला, तेव्हा डोकेदुखी, थकवा आणि पेंग वाढली. गाडीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कुणी उघडत नाही. तिथे हा दुसरा, माणसांच्या श्वासाचाच प्रकार असतो.

मग कुणाच्या लक्षात का येत नाही? कारण एसी. श्वासातून निघणारा दमटपणा एसी थंड जाळीवर जमवून पाण्याच्या थेंबांनी खाली टाकतो. केबिन फिल्टर धूळ अडवतो, कोळशाचा थर असेल तर वासही शोषून घेतो. कार्बन डायऑक्साइड यातलं काहीच अडवत नाही, आणि त्याला वासही नसतो. हवा थंड, कोरडी, ‘स्वच्छ’ लागते. एसी बंद असता तर काचांवर वाफ धरून थोडी तरी सूचना मिळाली असती. आतल्यांचं नाकही सरावतं. पेट्रोल पंपावर उतरून परत दार उघडलेल्या माणसालाच ‘किती कोंदट झालंय’ हे कळतं.

धूळ आणि एसीवरचा ताण: दोन्ही खरं, दोन्ही थोड्या वेळापुरतं. उन्हात तापलेली गाडी गार करताना, बोगद्यात, काळा धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे, रिसर्क्युलेशन हवंच. ट्रक गेला की काढायचं.

थकव्याबद्दल मेसेज बरोबर आहे, ‘फक्त’ हा शब्द सोडून. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपच मागतं, आणि ताज्या हवेनं ती भागत नाही. त्यावर उपाय म्हणजे गाडी बाजूला लावून पंधरा-वीस मिनिटं झोपणं. पण आधीच पेंगत असलेल्या चालकाला वरून ५,००० पीपीएमची हवा देण्यात कसलं शहाणपण? आणि तो थंड एसीचा सल्ला तर या मेसेजमधला सगळ्यात घातक. थंड वाऱ्यानं झोप हटते का हे चालकांवर तपासून झालंय. परिणाम किरकोळ आणि काही मिनिटांचाच असतो. त्यात हा गारवा रिसर्क्युलेशनवर मिळवायचा, म्हणजे झोप तशीच, हवा आणखी वाईट, आणि चालकाला वाटतं आपण तरतरीत आहोत.

काहीजण मधला मार्ग काढतात: अधूनमधून पाच मिनिटं काच उघडायची किंवा फ्रेश एअर लावायचं. वरच्याच गाडीत पाच मिनिटं फ्रेश एअर केलं तर आकडा ९०० च्या जवळ उतरतो खरा. परत रिसर्क्युलेशन लावलं की दहा मिनिटांत ३,००० च्या वर. म्हणून फ्रेश एअर हीच नेहमीची स्थिती ठेवा आणि रिसर्क्युलेशन अपवाद. गाडी पुन्हा सुरू केल्यावर बटणाचा दिवा बघा, काही गाड्या आधीची स्थिती लक्षात ठेवतात. ‘ऑटो’वर विसंबू नका: बऱ्याच गाड्यांतला तो सेन्सर बाहेरचा धूर हुंगतो, आतला श्वास नाही.

आणि कुणाला हे स्वतः मोजायचं असेल तर एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर असलेलं मीटर घ्या. पडद्यावर eCO2 लिहिलेली स्वस्तातली मीटरं दुसरेच वायू मोजून अंदाज बांधतात; गाडीत अत्तर मारलं की त्यांचा आकडा उडी मारतो.