सर्वांनी सकाळी अकरा वाजता हजर राहावे

तालुका न्यायालयातील दैनिक बोर्ड, म्हणजे त्या दिवशी चालायच्या प्रकरणांची यादी, लावण्याचे काम आपल्याकडे नव्याने आले असेल, तर प्रथम हार्दिक अभिनंदन. हे काम वाटते तितके अवघड नाही. त्यासाठी घड्याळ लागत नाही. एक डायरी, एक पेन आणि अकरा हा आकडा एवढे साहित्य पुरेसे आहे.

उदाहरण म्हणून एक बोर्ड घेऊ. कामाची वेळ अकरा ते दोन आणि अडीच ते साडेपाच, म्हणजे तीनशे साठ मिनिटे. बोर्डावर प्रकरणे चौसष्ट. त्यांपैकी पन्नास समन्स परतीसाठी, म्हणणे दाखल करण्यासाठी अशी किरकोळ आहेत; पुकारा, हजेरी, पुढील तारीख आणि रोजनाम्यातील नोंद धरून प्रत्येकी दोन मिनिटे पुरतात. आठ अंतरिम अर्ज आहेत, प्रत्येकी दहा मिनिटांचे. तीन दाव्यांत साक्षीदारांचा उलटतपास आहे, प्रत्येकी साधारण तासाभराचा, आणि तीन अंतिम युक्तिवाद आहेत, प्रत्येकी पाऊण तासाचे. ही बेरीज चारशे पंचाण्णव मिनिटे होते, म्हणजे दिवसात मावते त्यापेक्षा सव्वादोन तास जास्त. म्हणूनच बेरीज करू नये. त्याऐवजी तीनशे साठला चौसष्टने भागावे. प्रत्येक प्रकरणाच्या वाट्याला साडेपाच मिनिटांहून थोडे अधिक येतात, आणि हा आकडा कोणाही वरिष्ठांना दाखवण्यासारखा आहे.

कोणत्या प्रकरणास किती वेळ लागेल याचा अंदाज लिहून ठेवण्याच्या फंदात आपण पडू नये. अगदीच गरज वाटली तर उलटतपास घेणाऱ्या वकिलांना विचारावे. ते "दहाच मिनिटे, साहेब" असे सांगतील आणि तोच अंदाज मानावा. दिवाणी दाव्यांत सरतपास, म्हणजे साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षानेच घेतलेली त्याची जबानी, आता शपथपत्रावर होत असल्यामुळे न्यायासनासमोर जो वेळ जातो तो मुख्यतः उलटतपासाचाच असतो. प्रश्न विचारला जातो, हरकत घेतली जाते, साक्षीदार भलतेच उत्तर देतो, न्यायाधीश त्याचे नीट वाक्य करून सांगतात, लघुलेखक ते टंकलिखित करतो आणि शेवटी संपूर्ण जबानी वाचून सही होते. वाटपाच्या दाव्यात चार प्रतिवादींचे चार वेगळे वकील असतील, तर ही फेरी चार वेळा होऊ शकते. निशाण्या, म्हणजे पुराव्यातील क्रमांक दिलेले कागद, किती आणि वकील किती, एवढे दोन आकडे पाहिले तरी वेळेचा बरा अंदाज येतो. पण ते आकडे प्रकरणाच्या आत असतात आणि प्रकरण उघडण्यात वेळ जातो.

आता एकाच दिवशी तीन साक्षीदार का बोलवायचे, हा आपल्या शास्त्राचा गाभा आहे. अनुभवी मंडळी सांगतात की निम्मे साक्षीदार येतच नाहीत, म्हणून एकाची गरज असताना तिघांना बोलवावे. हिशेब सोपा आहे. प्रत्येकाची येण्याची शक्यता निम्मी धरली, तर आठ दिवसांपैकी एक दिवस कोणीच येत नाही, तीन दिवस नेमका एक येतो, आणि उरलेले चार दिवस दोन किंवा तीन येतात. म्हणजे एक दिवस रिकामा जाऊ नये यासाठी चार दिवस कोणाला ना कोणाला आल्या पावली परत पाठवावे लागते. परत गेलेला साक्षीदार पुढच्या तारखेला सहसा येत नाही, त्यामुळे निम्मे येत नाहीत हा आपला सिद्धान्त दर महिन्याला नव्याने खरा ठरतो. स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करणारा सिद्धान्त न्यायालयातसुद्धा विरळा.

फौजदारी प्रकरणांत एक बारीक अडचण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 346 नुसार हजर असलेल्या साक्षीदाराचा जबाब न घेता, विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय, सुनावणी तहकूब करता येत नाही. घाबरू नये. रोजनाम्यात "न्यायालयास वेळ नसल्याने" असे लिहावे. रोज लिहिल्यावरही त्याचे विशेषपण कमी होत नाही.

राखीव वेळ ठेवायचाच असेल, तर तो साडेपाचनंतर ठेवावा. वास्तविक पोलीस अटकेतील आरोपीला कोठडीसाठी हजर करतात तेव्हा ते बोर्ड पाहून येत नाहीत. चोवीस तासांची मुदत त्यांच्या मागे असते. दुपारी साडेबाराला उलटतपास रंगात आला असताना दारात बेडी वाजली की साक्षीदाराला पिंजऱ्यातून खाली उतरवावे, कोठडीचा युक्तिवाद ऐकावा आणि मग वकिलांना शेवटचा प्रश्न कोणता होता ते आठवू द्यावे. आठवेपर्यंत दोन वाजतात.

आमच्या शेजारच्या दालनात एक न्यायाधीश होत्या, त्यांचे अनुकरण मात्र कृपया करू नका. त्या बोर्डाच्या समासात प्रत्येक प्रकरणापुढे शिसपेन्सिलीने मिनिटे लिहीत आणि संध्याकाळी त्यासमोर प्रत्यक्ष लागलेली मिनिटे लिहीत; दोन महिन्यांत कोणत्या वकिलाची दहा मिनिटे किती मिनिटांची असतात हे त्यांना पाठ झाले. किरकोळ प्रकरणे त्या तीसच घेत आणि बाराच्या आत उरकत. बाराला एक साक्षीदार आणि अडीचला दुसरा, दोघांनाही वेळ सांगून बोलावलेले. तासाच्या उलटतपासासाठी बोर्डावर पावणेदोन तास धरलेले असत आणि लांबलेला पहिला उलटतपास दुसऱ्यावर चढण्याआधीच त्या मोकळ्या वेळात जिरून जाई. त्यानंतरचा अर्धा तास पोलिसांसाठी कोरा असे आणि युक्तिवाद सर्वांत शेवटी. त्यांचे म्हणणे असे की युक्तिवाद मध्येच थांबवून उद्या पुढे घेता येतो, साठ किलोमीटरवरून आलेला साक्षीदार थांबवून ठेवता येत नाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 2 नुसार तोंडी युक्तिवादाला वेळेची मर्यादा घालता येते, हे त्यांनी खरोखरच वाचलेले होते.

साक्षीदार न आल्यास त्यांचा वेळ वाया जाई, असा आक्षेप आम्ही घेत असू. त्या वेळेत त्या चेंबरमध्ये बसून निकालपत्रे सांगत, जी बाकीचे लोक रविवारी घरी लिहितात. तरी त्यांची पद्धत निर्दोष नव्हती: बोर्ड लहान ठेवल्यामुळे तारखा लांबच्या पडत, आणि लांबच्या तारखेबद्दल पक्षकार जितका ओरडतो तितका व्यर्थ हेलपाट्याबद्दल ओरडत नाही, कारण हेलपाट्याची त्याला सवय असते.

आपल्या पद्धतीने लावलेला बोर्ड संध्याकाळी कसा दिसतो ते एकदा पाहून ठेवावे. पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत, तिसरा साक्षीदार एक निवृत्त तलाठी आहे, फेरफाराची नोंद आपणच घेतली होती एवढेच सांगायला आलेला. सकाळपासून तो व्हरांड्यातील बाकावर बसून आहे आणि पुकारा चुकेल म्हणून जेवायलाही गेलेला नाही. शिपाई बाहेर येऊन त्याला पुढची तारीख सांगतो. ती तो चष्मा पुसून एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतो आणि विचारतो, "त्या दिवशी साधारण किती वाजता यावं म्हणजे बरं पडेल?"

"अकराला या, काका. वेळेवर या."