डेटा भिजला की भिजले?

गाइड मॅडमनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत पाठवलं. जिथे जिथे 'डेटा इज' होतं, तिथे लाल गोल. शेरा एकच: 'डेटा अनेकवचनी आहे. आर लिहा.'

आता, महिनाअखेरीस माझा डेटा संपतो. 'डेटा संपले' असं अजून मोबाईलच्या दुकानदारानेही म्हटलेलं नाही. पण लॅटिनमध्ये डेटम म्हणजे दिलेली गोष्ट आणि डेटा म्हणजे दिलेल्या गोष्टी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांशी कोण भांडणार?

रात्री साडेअकराला मी फाइंड-रिप्लेस उघडलं. `data is` शोधा, `data are` करा, सगळीकडे. ४१ बदल. निवांत झोपलो.

सकाळी पाहिलं तर `data issue` चं `data aresue` झालं होतं. आणखी वाईट म्हणजे 'द क्वालिटी ऑफ डेटा इज पुअर' हे मुळात बरोबर असलेलं वाक्य मी हाताने बिघडवलं होतं. तिथे कर्ता क्वालिटी, तो बिचारा एकटाच. आणि 'धिस डेटा' तसाच राहिल्यामुळे एकाच वाक्यात आधी एकवचन, मग अनेकवचन. तिथे 'धीज डेटा' हवं होतं.

शेवटी उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. आई म्हणाली, "पोहे भिजलेत, साबुदाणा भिजायचाय." दाणे दोन्हीकडे शेकड्यांनी, पण पोहे कायम अनेकवचनी आणि साबुदाणा एकवचनी! डेटाचं भांडण नेमकं हेच आहे. मॅडमच्या मते ते पोहे, आमच्या आयटीतल्या मित्रांच्या मते तो साबुदाणा. इंग्रजीत 'मच डेटा' सर्रास म्हणतात, 'फाइव्ह डेटा' मात्र सहसा कुणी म्हणत नाही, म्हणजे पारडं साबुदाण्याकडेच झुकलंय. माझ्या मते दोन्ही चालावं, एका ताटात कालवू नये एवढंच. आमच्या विषयाच्या नियमपुस्तिकेत पोहे आहेत, मग मीही पोहेच वाढले.

क्रायटेरियाला मात्र ही सूट मिळत नाही. निकष एक, दोन, तीन असे मोजता येतात, त्यामुळे त्यांचा साबुदाणा होत नाही. मी लिहिलं होतं, 'द मेन क्रायटेरिया इज एज'. एकच निकष, म्हणजे क्रायटेरियन हवं. फिनॉमिनाचंही तसंच, एक असेल तर फिनॉमिनन. (आणि हे दोघे लॅटिन नव्हेत, ग्रीक. मी उगाच रोमनांवर चिडलो होतो.)

सगळं निस्तरून प्रकरण पाठवलं. तासाभरात मॅडमचं उत्तर आलं: 'गुड. द अजेंडा फॉर मंडे इज अटॅच्ड.'

अजेंडा हे लॅटिनमध्ये अजेंडमचं अनेकवचन. लाल पेन माझ्या हातात होतं. मी ते टोपण लावून खिशात ठेवलं. प्रबंधावर सही अजून व्हायची आहे.