शी रोखून धरणारं मूल हट्टी नसतं

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की आईला एक प्रश्न सगळीकडून यायला लागतो: "अजून डायपरच?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या प्रश्नामुळे घरात जी घाई सुरू होते, तिच्याबद्दल मला आज मनापासून लिहायचंय. कारण ती घाई किती महाग पडू शकते हे मी अगदी जवळून पाहिलंय.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मुलाला शी अडवणं आधी जमायला लागतं आणि ठरवून सोडणं नंतर. शीच्या जागी दोन स्नायू असतात. आतला आपोआप उघडतो, त्यावर कुणाचाच ताबा नसतो. बाहेरचा मात्र आवळून धरता येतो, आणि ही कला मुलाला दीड वर्षाच्या आसपास हळूहळू गवसते. म्हणजे आपण त्याला भांड्यावर बसवून "कर, कर" म्हणतो तेव्हा त्याच्या हातात असलेली एकमेव गोष्ट म्हणजे न करणं. त्यात हे वयच "नाही" म्हणण्याचं.

माझ्या बहिणीच्या मुलाचं सांगते. एकोणीस महिन्यांचा असताना त्याचा डायपर सोडवायला घेतला, कारण घरात दुसरं बाळ येणार होतं. शू आठवडाभरात जमली, सगळे खूश. शीला मात्र तो भांड्यावर बसला की अंग ताठ करायचा, उठून पळायचा आणि पडद्यामागे जाऊन उभा राहायचा. मग त्याला धरून बसवणं सुरू झालं. समोर दोन-तीन मोठी माणसं, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. त्यानं चार दिवस शी केलीच नाही. पाचव्या दिवशी झाली ती जाड, कडक, रडत-ओरडत, आणि पुसताना रक्ताची रेघ दिसली.

खरा गुंता इथून सुरू होतो. शी आत थांबली की मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. ती सुकते, आकारानं वाढते आणि बाहेर येताना त्वचेला चीर पडते. मुलाच्या डोक्यात हिशेब सरळ असतो: शी म्हणजे दुखणं. म्हणून पुढची कळ आली की ते आणखी जोरात आवळतं, ती शी आणखी कडक होते, आणखी दुखतं. आता सुरुवात कशामुळे झाली याला अर्थच उरत नाही, चक्र स्वतःच्या जोरावर फिरत राहतं.

हे ओळखायचं कसं? तो भाचा कळ आली की टेबलाची कड धरून चवड्यांवर उभा राहायचा. पायाला पाय घट्ट जुळवलेले, कुल्ले आवळलेले, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. घरातले म्हणायचे, "बिचारा किती जोर लावतोय!" तो जोर लावत होता हे खरं, पण शी आत ठेवण्यासाठी. शी करायला मूल गुडघे वाकवतं, खाली बसतं. पाय ताठ करून चवड्यांवर उभं राहणारं मूल शी अडवत असतं. एवढा एक फरक प्रत्येक आईबाबांना ठाऊक असावा, असं मला फार वाटतं.

पुढे त्याच्या चड्डीला दिवसातून तीन-चारदा पातळ डाग लागायला लागले. घरी वाटलं पोट बिघडलंय, जुलाब होताहेत. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर डाव्या बाजूला खाली कडक गोळा हाताला लागला. आत साठलेल्या खड्याच्या कडेनं पातळ शी पाझरत होती आणि ती त्याला कळतही नव्हती. गुदाशय बराच काळ ताणलेला राहिला की भरल्याची जाणीवच बोथट होते. अशा मुलाला "मुद्दाम करतोस" म्हणून रागावणं हा फार मोठा अन्याय आहे.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे भांडं बाजूला ठेवा आणि डायपर परत लावा. दुसरी, पाण्यात विरघळवून द्यायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. सुरुवातीचे काही दिवस मोठ्या मात्रेत, साठलेलं बाहेर काढायला. मग रोज कमी मात्रेत, शी मऊ राहील इतकी. हे औषध आतड्यात पाणी धरून ठेवतं. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यायची. चूक बहुतेक घरांत पुढे होते: दोन आठवडे शी नीट झाली की औषध बंद. पण ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला आणि मुलाच्या मनातली भीती जायला महिने लागतात. औषध निदान दोन महिने चालतं आणि त्रास पूर्ण थांबून महिना झाल्यावर हळूहळू कमी करतात.

त्याच्या भीतीवरचा उपायही पायरीपायरीनं झाला. आधी डायपरमध्येच, पण बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर घालूनच भांड्यावर बसून. मग डायपर सैल करून. प्रत्येक पायरीवर त्याला हवा तेवढा वेळ. जेवणानंतर आतडी आपसूक हलतात, म्हणून बसवायचं ते जेवण झाल्यावर, चार-पाच मिनिटं, पायाखाली पाट घेऊन. पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. त्याचं सगळं सुरळीत झालं तेव्हा तो तीन वर्षांचा होत आला होता.

घाईनं काय साधतं, तेही बघा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की सत्तावीस महिन्यांच्या आधी जोरात शिकवायला घेतलेली मुलं त्यामुळे लवकर शिकून मोकळी झाली नाहीत, शिकण्याचा काळ तेवढा लांबला. मी असं म्हणत नाही की लवकर सुरू केलेल्या प्रत्येक मुलाला बद्धकोष्ठ होतं. कित्येकांना आधीच कडक शी होत असते आणि भांड्याची सक्ती तिच्यावर येऊन आदळते. म्हणूनच तयारीच्या खुणांमध्ये मी पहिली खूण धरते ती मऊ, न दुखणारी शी. ती नसेल तर भांडं आणूच नका, आधी बद्धकोष्ठ बरं करा.

बाकीच्या खुणा घरबसल्या कळतात. चड्डी दोनेक तास कोरडी राहते. मूल चड्डी स्वतः खाली ओढू शकतं, "भांडं आण आणि बस" एवढं दोन टप्प्यांचं सांगणं त्याला समजतं. आणि सगळ्यात मोलाची खूण म्हणजे ते झाल्यावर नाही, होण्याआधी सांगतं. शी करायला कोपऱ्यात जाणारं मूल त्या वाटेवर असतं, त्याला कळ ओळखता येतेय. वाढदिवसाच्या तारखेवरून यातलं काहीच कळत नाही.

"आमची मुलं वर्षाच्या आत शिकली," असं मोठी माणसं सांगतात, त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही. तान्ह्याची वेळ ओळखून त्याला धरणारा मोठा माणूस असतो, तिथे मुलावर कसलीच जबाबदारी नसते. दीड वर्षाच्या मुलाला "तू सांग, तू कर" म्हणणं ही वेगळी मागणी आहे.

सुरुवात केली आणि मूल शी अडवायला लागलं, तर त्याच दिवशी थांबा आणि डायपर द्या. शी कडक असेल, रक्त दिसलं किंवा आठवड्यात दोनच वेळा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पोट फुगलेलं, उलट्या, वजन न वाढणं, किंवा जन्मानंतर पहिली काळी शी व्हायलाच दोन दिवसांहून जास्त लागले होते असा इतिहास, यातलं काही असेल तर बद्धकोष्ठाचं कारण वेगळं असू शकतं. तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नका आणि जन्माच्या वेळची ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ती विचारायची राहून जाऊ शकते.