तुझं बनियन दिसतंय

परवा निफाडजवळ मामेभावाचं लग्न झालं. जानेवारी महिना, गोरज मुहूर्त आणि तेही उघड्या लॉनवर, कारण काय तर ड्रोनला आकाश मोकळं हवं! निफाडच्या थंडीबद्दल मी काय सांगणार, दरवर्षी पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून येतो तेव्हा आम्ही ठाण्यात पंखा लावून तो वाचतो.

तरी मी तयारीने गेले होते. पैठणीच्या आत परकर आणि परकराच्या आत आतून लव असलेली लेगिंग. कमरेच्या खाली खरंतर काही प्रश्नच नसतो, निऱ्या, परकर, लेगिंग मिळून आपण गोधडीच गुंडाळलेली असते. सगळा घोळ वर. पाठ, पोट आणि दंड यांना साडीने वाऱ्यावर सोडलेलं असतं, म्हणून ब्लाउजच्या आत थर्मल घातला. आता ब्लाउज शिवलेला ऑगस्टमध्ये, अंगाला घट्ट, आत चिमूटभर जागा नाही. टेलरने दोन्ही बाजूंना मार्जिन ठेवलं होतं ते उसवून घ्यायचं मला सुचलं नाही, त्यामुळे हुक लावायला नवरा आणि नणंद अशी दोन माणसं लागली, आणि तिसरा हुक मंगलाष्टकांच्या आधीच गेला. बरं एवढं करून ऊबही धड नाही, कारण ऊब धरते ती कपड्यांच्या मधली हवा, आणि हवेलाही आत शिरायची सोय नव्हती.

तर मी तांदूळ हातात घेऊन उभी, आणि मागून आवाज आला.

"अगं, तुझं बनियन दिसतंय."

मुलीकडच्या कुणीतरी काकू. ओळख ना पाळख.

"काकू, थर्मल आहे तो."

"काय आहे?"

"थर्मल. थंडीचं."

"हो, पण दिसतंय बनियनच ना." आणि असं म्हणून त्यांनी बर्फासारखी दोन बोटं माझ्या मानेमागे घालून ते आत खोचलं. मी किंचाळले. तेवढ्यात भटजी सावधान म्हणाले म्हणून निभावलं.

खोचलेलं थर्मल परत वर आलं. "परत आलं गं," काकू. मग शेजारच्या बाईला, "हिचं बघ ना, काळं आहे. काळं कशाला घालायचं लग्नात?" मग दोघी मिळून माझी पाठ बघायला लागल्या, मागच्या ओळीतले एक काकाही बघायला लागले. "आम्ही नाही बाई असलं काही घालत, सवय असते आम्हाला." मग दोन मिनिटं शांतता. मग कानाशी हळूच, "केवढ्याला पडलं? पांढरं मिळतं का?"

चूक माझीच, हे मला हॉलवर, म्हणजे लॉनवरच, नणंदेने समजावलं. ब्लाउजचा गळा मागे खोल होता आणि थर्मलचा पुढे. थर्मल सरळ उलटं घालायचं, पुढचा खोल गळा मागे. रंग काळा नाही, अंगाच्या रंगाचा घ्यायचा. आणि खालची कड परकरात खोचायची म्हणजे पोटही झाकतं. हे तिने मला हुक लावताना सांगितलं असतं तर?

पुरुषांचं बरं असतं. आमच्या ह्यांनी थर्मल, शर्ट, जाकीट आणि वर बंदगळा घातला होता, आणि "तुला शाल घे म्हटलं होतं" हे वर ऐकवलं. शाल होती हो! पण फोटोग्राफर दर फोटोला "मॅडम, शाल काढा" म्हणत होता, पैठणीचा पदर दिसत नाही म्हणे.

पाय मात्र मी पूर्ण विसरले होते. आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर गार पडते, आठ वाजता गवतावर दव, माझ्या सँडलमधून बोटं बाहेर. कोण बघतंय म्हणून सुती मोजे चढवले तर ते दव पिऊन अजूनच गार. बंद मोजडी एक नंबर मोठी घेऊन आत लोकरी मोजे घातले असते तर साडीखाली ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

शेवटी मी जिलबीच्या कढईशी जाऊन उभी राहिले. तिथे भेटलेल्या एका शेतकरी मामांनी सांगितलं की इकडे कडाका वाढला की द्राक्षाच्या बागेत रात्री शेकोट्या पेटवतात, नाहीतर मण्यांना तडे जातात. म्हणजे द्राक्षांना शेकोटी, आणि आहेर घेऊन आलेल्या पाहुण्यांना आइस्क्रीमचा काउंटर! तीन फ्लेवर! मी विचारलं लॉनवाल्याला, एखादी शेगडी ठेवता येईल का, तर म्हणे गवत जळतं.

काल लग्नाचा व्हिडिओ आला. तांदूळ टाकतानाचा ड्रोनचा शॉट खरंच सुंदर आहे, वरून सगळं दिसतं. काकूंची दोन बोटंसुद्धा.