डावा हात कोणाचा, बघणाऱ्याचा की आजोबांचा?

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि स्क्रीनवर आमचं थ्रीडी कॅरॅक्टर, एक टकलू आजोबा, दोन्ही हात वर करून चालतायत. दरोडेखोरांनी अडवल्यासारखे. त्यांच्यावर चढवलेल्या क्लिपमध्ये काय आहे? साधा माणूस चालत येतो, थांबतो, नमस्कार करतो. एवढंच.

मिक्सामो या साइटवरची तयार मोकॅप क्लिप, खऱ्या माणसाच्या हालचाली टिपलेली, म्हणजे हाडांची नावं `mixamorig:LeftArm` वगैरे. आमच्या आजोबांच्या रिगमध्ये, म्हणजे त्यांना हलवणाऱ्या सांगाड्यात, `L_arm`. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून मी पासष्ट हाडं जुळवली. बोटांची तर मोजून चाळीस, कारण हा रिग बनवणाऱ्या पठ्ठ्याने तर्जनीला `finger1` म्हटलंय आणि अंगठ्याला `finger5`. का? विचारायचं नाही. क्लिप आजोबांवर बेक केली, आणि हात आकाशात.

पाय मात्र झकास चालत होते, आणि त्यामुळेच मी दीड तास फसलो. हाडांचे रोल बघितले, स्केल बघितला, अ‍ॅड-ऑन काढून परत टाकला. शेवटी वैतागून `L_arm` एकटंच फिरवलं, तर आजोबांचा उजवा हात हलला! रिगरने डावं-उजवं *स्वतःच्या* बाजूने ठरवलं होतं, समोर बसून बघणाऱ्याच्या. अरे, फोटो काढतोयस का? डावा हात म्हणजे कॅरॅक्टरचा डावा हात, हे पहिल्या दिवशी शिकवतात ना!

पाय पुढे-मागे झुलतात. ते फिरणं दोन्ही बाजूंना एकाच दिशेचं, त्यामुळे अदलाबदल झाली तरी फक्त पाऊल उलटं पडतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. हात खाली आणायला मात्र डावा एका दिशेने फिरतो आणि उजवा विरुद्ध. एकाचं फिरणं दुसऱ्याला दिलं की हात खाली यायच्या ऐवजी वर जातो. ब्लेंडरमध्ये कॅरॅक्टर -Y कडे तोंड करून उभं असेल तर त्याची डावी बाजू +X ला येते. म्हणजे चोर पकडायला एवढंच पुरे होतं:

```python
for b in rig.data.bones:
    if b.name.startswith("L_") and b.head_local.x < 0:
        print(b.name)
```

डावीकडची झाडून सगळी नावं छापून आली. रागाच्या भरात मी थेट `L_` चं `R_` केलं. `R_` आधीपासून होतंच, त्यामुळे सगळीकडे `.001` ची शेपटी. आधी तात्पुरतं नाव द्यायचं असतं, हे मला माहीत आहे. अर्धा तास अजून गेला.

मग जुना मॅपिंग प्रीसेट शोधायला स्वतःची कॉलेजातली फाइल उघडली. त्यात `Bone.017` आणि `kopar_L_navin` सापडलं. फाइल गुपचूप बंद केली. रिगरला लिहिलेल्या मेसेजमधली दोन विशेषणंही काढली.

डावं-उजवं सुटलं, तर हात पोटात. कारण रिगर साहेबांनी रिग ए-पोझमध्ये दिलाय, हात तिरके खाली, आणि क्लिप टी-पोझवरची, हात आडवे. आडव्या हातातून 75 अंश खाली यायचं, ते आधीच 45 अंश खाली असलेल्या हाताला मिळालं. 120 झाले. सरळ लटकण्याच्याही 30 अंश पुढे, थेट ढेरीत. रिटार्गेट करण्याआधी, म्हणजे क्लिप आजोबांवर चढवण्याआधी, त्यांना टी-पोझमध्ये उभं करून तीच पोझ मूळ धरायला सांगितलं, तेव्हा हात बाहेर आले.

आणि आता खरी गंमत. क्लिपमधल्या माणसाची कंबर जमिनीपासून 98 सेंटिमीटरवर, आजोबांची 49. तशीच क्लिप टाकली तर आजोबा हवेत चालतात. कंबरेची हालचाल निम्मी केली की पाय जमिनीवर येतात, पण चार मीटरचं चालणं दोन मीटर होतं. लगेच दिग्दर्शकांचा फोन: “आजोबा दारापर्यंत पोचत नाहीयेत.” अहो, त्यांचे पाय निम्मे आहेत! तेवढ्याच पावलांत चार मीटर नेले तर तेल सांडलेल्या फरशीवरून घसरत जातील. पावलं वाढवा किंवा दार जवळ आणा. दार जवळ आणायला कोणी तयार नाही, सेट “लॉक” आहे म्हणे. मग क्लिपमधला चालण्याचा भाग दोनदा लूप करा.

नमस्काराचं तर बोलूच नका. कोन तंतोतंत आले, पण खांदे रुंद आणि हात आखूड, त्यामुळे तळव्यांमध्ये वीतभर फट. आजोबा नमस्कार करत नाहीयेत, कलिंगड धरून उभे आहेत. कोन कॉपी करून तळवे जुळत नाहीत, तिथे मनगटांना आयके, म्हणजे हात टोकाकडून ओढायची सोय, लावून एकत्र खेचावं लागतं. शेवटी नमस्कार मी हातानेच एकेक कीफ्रेम देऊन केला. चाळीस मिनिटांत झाला. मोकॅप “वेळ वाचवायला” घेतला होता.

आत्ता रिगरचा मेसेज आला: “दादा, आजी पण तयार आहे. नऊवारीत.”