पन्नाशीनंतरची नोकरी: अडलेलं काम कुठे आहे ते शोधा

बावीस वर्षं मी कारखान्यांच्या एचआर विभागात माणसं निवडण्याचं काम केलं. त्या काळात पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांचे अर्ज माझ्या हातून बाजूला पडले, आणि त्यातले बरेच मी पूर्ण वाचलेही नव्हते. आज याचं वाईट वाटतं. पण हे कसं घडायचं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

एका जागेसाठी अडीचशे-तीनशे अर्ज यायचे. विभागप्रमुखाने 'अनुभव ८ ते १२ वर्षं' असं लिहून दिलेलं असायचं. मी संगणकावर तोच आकडा घालून यादी गाळायचे. ज्याचा अनुभव २८ वर्षांचा, त्याचं नाव त्या यादीत उमटतच नसे. हा माणूस नको, असं कुणी ठरवलेलं नसायचं. तो कुणाला दिसलेलाच नसायचा. म्हणून पन्नाशीनंतर नोकरी शोधणाऱ्या माणसाने आपला बहुतेक वेळ जाहिरातींना अर्ज करण्यात घालवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग वेळ कुठे घालवायचा? एका माणसाची गोष्ट सांगते.

माझे एक जुने सहकारी, वय ५४. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते क्वालिटीचे प्रमुख होते. तो विभागच बंद झाला आणि ते घरी बसले. सात महिन्यांत १४० अर्ज केले, तीन फोन आले, आणि तिन्ही ठिकाणी गोष्ट पहिल्या बोलण्यापलीकडे गेली नाही. मला भेटायला आले तेव्हा हातात चार पानांचा बायोडेटा होता. सुरुवात तीस वर्षांपूर्वीच्या शिकाऊ उमेदवारीपासून, आणि मग पदांची नुसती यादी.

मी त्यांना विचारलं, "गेल्या दहा वर्षांत तुमच्यामुळे एखादा ग्राहक टिकला असं झालंय का?"

त्यावर ते वीस मिनिटं बोलले. एका मोठ्या ग्राहकाकडून माल परत येत होता, कारण भागाच्या आतलं भोक मापात येत नव्हतं. सगळ्यांचा संशय मशीनवर होता. यांनी तीन आठवडे तिन्ही शिफ्टला उभं राहून मापं घेतली. तेव्हा कळलं की टूल बदललं जायचं ते शिफ्ट संपल्यावर. किती नग झाले हे कुणी मोजतच नव्हतं. ज्या शिफ्टला उत्पादन जास्त, तिथे शेवटच्या दीडशे-दोनशे नगांना झिजलेलं टूल लागायचं. ठरावीक नगांनंतर टूल बदलायचा नियम केला, मापायचं गेज बदललं. आठ महिन्यांत दहा लाख नगांमागे १८०० खराब निघायचे ते १४० वर आले.

यातलं एक अक्षरही त्या चार पानांत नव्हतं.

बायोडेटा आम्ही दोन पानांवर आणला. वर अशा तीनच हकिकती, प्रत्येकी चार ओळींत: काय बिघडलं होतं, कारण काय सापडलं, काय केलं, आकडा कुठून कुठे आला. त्याखाली शेवटची पंधरा वर्षं, आणि त्याआधीच्या सगळ्याला मिळून दोन ओळी. पदवीचं साल कागदावर नसलं तरी चालतं. कुणी विचारलं तर मात्र खरं सांगायचं. पण कागद ही यातली सोपी बाजू होती.

खरा प्रश्न होता की अशीच अडचण आज कुणाला आहे, आणि ती सुटेपर्यंत थांबणं कुणाला परवडत नाही. मोठ्या कंपनीला ते परवडतं. तिच्याकडे विभाग असतो, शिकवायला माणसं असतात, ती तिशीतल्या मुलाला घेऊन दोन वर्षांत तयार करते. पण शंभर-दीडशे माणसांचा कारखाना असेल, मालक आजवर क्वालिटी स्वतःच बघत आला असेल आणि त्याला नुकताच पहिला मोठा ग्राहक मिळाला असेल, तर त्याच्याकडे दोन वर्षं नसतात. ग्राहकाचं ऑडिट तीन महिन्यांवर असतं. माल परत आला की त्यावर 'एट-डी' रिपोर्ट लिहून द्यावा लागतो. म्हणजे दोष काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे सगळं पुराव्यासकट. तो लिहायचा कसा हे तिथे कुणाला माहीत नसतं. चूक महाग आणि वेळ कमी, अशा जागी अनुभवाची किंमत आपोआप कळते. तिथे वय विचारलं जातं, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला.

अशा जागा ओळखू येतात. एकच पद सहा महिन्यांत तीनदा जाहिरातीत आलं, तर तिथे माणूस टिकत नाही किंवा जमलेला नाही. एकाच पदात तपासणी, ऑडिटची तयारी, कागदपत्रं आणि ग्राहकाशी बोलणं असं सगळं कोंबलेलं असेल, तर समजावं की मालकाला नेमकं काय हवंय ते अजून कळलेलं नाही, पण तो अडलेला आहे. जुने प्रमुख निवृत्त झाले आणि मागे कुणी तयार नव्हतं, हीसुद्धा मोठी खूण. मात्र ती जाहिरातीत दिसत नाही. ती माणसांकडून कळते.

कुठल्या माणसांकडून, इथेच बहुतेकजण चुकतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारा होता, असं सांगणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. बातमी लांबच्या वर्तुळातून येते, आणि तीस वर्षं काम केलेल्याचं हे लांबचं वर्तुळ तिशीतल्या माणसापेक्षा कितीतरी मोठं असतं.

आमच्या या सहकाऱ्यांनी वहीत नावं काढायला घेतली. सुरुवातीला जुन्या वरिष्ठांची नावं आली. मी म्हटलं, ती राहू द्या. जे लोक रोज चार कारखान्यांत जातात त्यांची नावं लिहा. टूल विकणारे, गेज कॅलिब्रेट करून देणारे, मशीन दुरुस्तीला येणारे सर्व्हिस इंजिनियर, माल नेणारे ट्रान्सपोर्टवाले. एकूण ३१ नावं झाली.

फोनवर काय बोलायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. "कुठे काही असेल तर बघा" हे वाक्य मी त्यांना पूर्ण बंद करायला लावलं. ऐकणारा मनापासून "हो, बघतो" म्हणतो आणि विसरतो, कारण काय बघायचं हे त्याला सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी ते विचारू लागले, "ग्राहकाकडून माल परत येतोय आणि त्याचं उत्तर लिहायला माणूस नाही, असा कुणी तुमच्या पाहण्यात आहे का?" याला उत्तर देता येतं. पाच आठवड्यांत ३१ फोन झाले. अकरा जणांनी काही ना काही सांगितलं, चार मालकांशी भेट झाली. सर्वांत उपयोगी माहिती एका टूल विकणाऱ्याकडून आली, आणि त्याच्याशी हे तीन वर्षांत बोललेले नव्हते.

ज्या कारखान्यात अखेर जमलं त्याचा मालक ३६ वर्षांचा होता. कामगार ११०. पहिल्या भेटीत तो म्हणाला, "सर, तुमचा अनुभव आमच्यासाठी जास्तच आहे."

हे वाक्य मीही अनेकांना ऐकवलं आहे, त्यामुळे त्याच्या पोटात काय असतं ते मला माहीत आहे. पगार झेपेल का, हा माणूस माझं ऐकेल का, आणि चांगलं काही मिळालं की निघून जाईल का. "नाही हो, मला चालेल" म्हटल्याने यातलं काहीच सुटत नाही. त्यांनी तिन्ही भीतींना वेगवेगळं उत्तर दिलं. जुन्या पगारापेक्षा थोडा कमी आकडा सांगितला, पण फार खाली गेले नाहीत, कारण निम्म्यावर तयार होणाऱ्या माणसाबद्दल शंका येते. उरलेली रक्कम परत येणारा माल कमी होण्याशी जोडायचं सुचवलं. आधीच्या नोकरीत त्यांचे वरिष्ठ त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान होते, ते सांगितलं आणि त्यांचाच नंबर दिला. तिसऱ्या भीतीसाठी एक पान लिहून नेलं: पहिल्या महिन्यात गेल्या वर्षभराच्या तक्रारी लावून घेणं, दुसऱ्यात सर्वांत जास्त परत येणाऱ्या दोन भागांचं मूळ कारण, तिसऱ्यात ऑडिटची रंगीत तालीम. ते पान लिहिण्याआधी अर्धा दिवस शॉपफ्लोअरवर फिरायची परवानगी त्यांनी मागून घेतली होती. न बघता लिहिलेला आराखडा कुठल्याही कारखान्याला लागू पडतो, आणि मालकाला ते लगेच कळतं.

दुसऱ्या एका मालकाने त्यांना 'सल्लागार' म्हणून यायला सांगितलं. एकदा बघून जा, मग परत एकदा, मग जरा आमच्या मुलांशी बोला. तिसऱ्या फेरीपर्यंत मोबदल्याचा विषय नव्हता, तारीख नव्हती, लेखी काही नव्हतं. मी म्हटलं, आता थांबा. एक भेट फुकट द्यावी, कारण त्यात आपणही कारखाना बघतो. दुसऱ्या भेटीआधी काम, मुदत आणि पैसे कागदावर यायला हवेत. ज्याला खरंच गरज असते तो या मागणीने पळत नाही. तीन महिन्यांच्या लेखी कराराला माझी ना नाही. उलट दोघांनाही एकमेकांची पारख होते.

हा मार्ग प्रत्येकाला इतका सरळ नाही, हेही सांगायला हवं. ज्यांच्या कामाचा परिणाम आकड्यात दिसतो, म्हणजे क्वालिटी, देखभाल, खरेदी, वसुली, हिशेब, त्यांना तो सोपा जातो. सर्वसाधारण प्रशासनात आयुष्य गेलेल्यांना आपण काय वाचवलं हे आधी खणून काढावं लागतं. ते सापडतं, पण त्याला एका बैठकीपेक्षा जास्त वेळ लागतो.

शेवटच्या भेटीत त्यांनी मालकाला दोन प्रश्न विचारले. या जागेवर गेल्या दोन वर्षांत किती जण आले आणि का गेले? उत्तर: दोन, आणि दोघांचंही प्रॉडक्शनशी पटलं नाही. मग दुसरा प्रश्न: तयार माल गाडीत चढतोय आणि मला तो खराब वाटला, तर गाडी थांबवायचा अधिकार कुणाचा?

मालक जरा थांबला. म्हणाला, "आतापर्यंत माझाच."

"मग मलाही लागेल. नाहीतर तिसरा माणूसही जाईल."

तो अधिकार नेमणूकपत्रात एका ओळीत लिहून आला. रुजू झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी त्यांनी पहिली गाडी थांबवली. प्रॉडक्शन मॅनेजर तावातावाने मालकाकडे गेला, आणि मालकाने त्याला ती ओळ दाखवली.